मदत हवी आहे: ग्रुपवर फिरणाऱ्या अनोळखी बाईच्या फोटोचे मूळ कसे शोधावे?

घणसोलीकर
नमस्कार. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कडेवर मूल घेतलेल्या एका बाईचा फोटो आला असून, "आज सकाळी घणसोली स्टेशनबाहेर मुले पळवणारी बाई दिसली" असे त्यावर लिहिले आहे. समिती तो सूचनाफलकावर लावणार आहे. उद्या तिला किंवा तिच्यासारख्या दिसणाऱ्या कुणाला लोकांनी घेरले तर काय, या विचाराने मी अस्वस्थ आहे. गूगल लेन्सवर शोधले, तर नुसत्या विक्रीच्या पिवळ्या साड्या दिसतात. मूळ फोटो कसा सापडेल?

नौपाडा_७२
फोटोच्या फाइलमध्येच तारीख आणि ठिकाण नोंदलेले असते. तपशील उघडून पाहा.

खाडीकाठ
कॅमेऱ्यातून थेट आलेल्या फाइलमध्ये ते असू शकते. परंतु व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवताना ती माहिती गळून पडते, त्यामुळे येथे उपयोग नाही.

घणसोलीकर, आपण बहुधा मजकुरासह पूर्ण स्क्रीनशॉट शोधला असावा. वरची पट्टी आणि मजकूर कापून टाका, चौकट साडीपुरती न ठेवता पूर्ण दृश्यावर ओढा आणि निकालांत Exact matches निवडा, म्हणजे सारख्या वस्तूंऐवजी हाच फोटो असलेली पाने येतील. मग तोच फोटो tineye.com वर टाकून निकाल Oldest या क्रमाने लावा. मात्र तेथील तारीख त्यांच्या यंत्रणेला फोटो प्रथम आढळल्याची असते. तो काढल्याची नव्हे.

कळव्याची_मावशी
माझ्या भाचीसाठी स्थळ आले आहे. मुलाच्या फोटोवरून त्याचे नाव खरे आहे का, ते कळेल का?

खाडीकाठ
ताई, फोटो दुसऱ्याच कुणाच्या नावाने कुठे सापडला, तर संशय पक्का होईल. काहीच सापडले नाही, तरी मुलगा खरा ठरत नाही, कारण खाजगी खात्यांतील फोटो या शोधांत येत नाहीत. त्याला प्रत्यक्ष भेटणेच उत्तम.

घणसोलीकर
कापून शोधले, तरीही काही मिळाले नाही. मात्र मोठा करून पाहिल्यावर मागच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरे आरशात दिसावीत तशी उलटी वाटली.

खाडीकाठ
मग फोटो उलटवलेला आहे आणि अशा वेळी शोध चुकू शकतो. गॅलरीतील संपादनात आडवा पलटवून पुन्हा शोधा.

घणसोलीकर
सापडला! पाटी बंगाली निघाली. सर्वांत जुने पान २०१८ चे आहे.

खाडीकाठ
ते पान उघडून फोटो बातमीतच आहे की बाजूच्या "हेही वाचा" रकान्यात, ते तपासा. रकाना बदलत राहतो, त्यामुळे जुन्या बातमीशेजारी नवा फोटो दिसू शकतो.

घणसोलीकर
तो रकान्यातच होता. म्हणजे २०१८ गृहीत धरता येत नाही. मात्र टिनआयवर २०१९ ची नोंद आहे आणि त्या पानावर बातमीतच हा फोटो वेगळ्या शहराच्या नावाने आहे. फोटो कालचा नाही, एवढे दाखवून सूचना थांबवली. परंतु तेथेही छायाचित्रकाराचे नाव नाही आणि ही बाई कोण, तेही लिहिलेले नाही. पाटीवरचे दुकानाचे नाव कुणी बंगाली जाणणारे वाचून देतील का? बाईचा चेहरा झाकून फक्त पाटीचा तुकडा पाठवतो.