डिफ्युझरमधलं निलगिरी आणि आईचा दमा

सायली_प: आईला १२ वर्षं दमा आहे, रोजचा पंप चालू आहे. महिन्यापूर्वी मी तिला डिफ्युझर आणून दिला. रात्री एसी लावून, खिडक्या बंद करून ती त्यात निलगिरीचे ८-१० थेंब टाकते. म्हणते, "छाती मोकळी होते." पण हल्ली पहाटे तीनला खोकत उठते. डिफ्युझरमुळे असेल का?

आनंदयात्री: निलगिरीला उगाच बदनाम करू नका. जर्मनीत २००३ साली, स्टिरॉइडच्या गोळ्यांवर असलेल्या दम्याच्या ३२ रुग्णांवर निलगिरीतल्या सिनिऑलचा प्रयोग झाला. ज्यांना ते दिलं त्यांच्या गोळ्या बऱ्याच कमी करता आल्या. खोकला एसीचा असणार.

शैला_मावशी: मी तर रोज गुडघ्याला निलगिरी चोळते, काही होत नाही. बिनधास्त वापरा.

फुंकर: मावशी, गुडघा श्वास घेत नाही हो. 🙂

आनंदयात्री, प्रयोग खरा आहे. पण त्यात सिनिऑल कॅप्सूलमधून पोटात गेलं होतं, २०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. त्यावरून खोलीभर पसरलेल्या वाफेबद्दल काहीच ठरत नाही. आणि हे वाचून कुणी बाटलीतलं तेल पिऊ नका, त्याने फिट येऊ शकते.

मी वीस वर्षं फुप्फुसाच्या तपासण्या करते. मोकळं *वाटणं* आणि मोकळं *होणं* यात फरक आहे. मेन्थॉल, निलगिरी नाकातल्या गारव्याच्या नसा जागवतात, म्हणून हवा जास्त येतेय असं वाटतं. आतली नळी तेवढीच असते, कधी उलट आवळलेली. धोका इथेच आहे: बरं वाटतंय म्हणून माणूस आरामाचा पंप उशिरा घेतो.

सायली, अंदाज नको, मोजा. पीक फ्लो मीटर घ्या, श्वास किती जोरात बाहेर पडतो ते तो आकड्यात दाखवतो. उभं राहून तीनदा जोरात फुंकायचं, सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. दम्यात पहाटेचा आकडा तसाही खाली येतो, म्हणून रात्रीशी पहाट ताडू नका. तेल असलेली सकाळ आणि तेल नसलेली सकाळ ताडा, तीही पंप घेण्याआधीची. आणि रात्री उठावं लागतंय म्हणजे दमा आटोक्यात नाही, कारण काहीही असो. डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा.

गंधवेडी: बाजारात भेसळ फार. शुद्ध लव्हेंडर घ्या, ते सौम्य असतं.

फुंकर: शुद्धतेचा इथे उपयोग नाही. ज्या वासाने नळी आवळते, तो शुद्ध असला तर उलट जास्तच लागतो. लव्हेंडर कुणाला चालतं, कुणाला नाही. संत्र्या-लिंबाच्या तेलातलं लिमोनीन तर हवेतल्या ओझोनशी मिळून फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार करतं. बाटली किती महिने उघडी आहे, हेही बघा.

शंकासुर: पण मनाचाही भाग असतो ना? २०१४ च्या एका अमेरिकन प्रयोगात दमा असलेल्यांना एकच वास दिला. ज्यांना "याने दमा वाढू शकतो" असं सांगितलं होतं, त्यांच्या श्वासनलिकेची सूज वाढली. ज्यांना तो उपकारक म्हणून सांगितला, त्यांची नाही. आता आईला हा धागा वाचून दाखवलात तर काय मोजणार?

फुंकर: मुद्दा बरोबर आहे, याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. आईंना कारण न सांगता फुंकायला लावा.

सायली_प: तीन आठवड्यांनी लिहितेय. डॉक्टरांनी आई पंप कसा घेते ते पाहिलं, पंपाला जोडायची नळी, म्हणजे स्पेसर, दिला. पण स्पेसर हातात आला आकडे लिहून झाल्यावर, त्यामुळे हे त्याच्या आधीचे आहेत. तेल चालू असताना तीन सकाळी २५०, २६०, २५०. बंद केल्यावर चौथ्या दिवसापासून ३१०-३२०. खोकला दोनदाच.

मग नुसतं पाणी घालून तीन रात्री लावला, तेही डॉक्टरांना विचारून. ३००, २९५, ३००. म्हणजे तेल नसतानाही थोडं कमीच! टाकीत बोट फिरवलं तर तळाला बुळबुळीत थर.

फुंकर: मग तेल मोठा गुन्हेगार, पण एकटा नाही. नळाच्या पाण्यातले क्षार आणि तो थर, दोन्ही तुषारांबरोबर खोलीत उडतात. ३०० आणि ३१५ मधला फरक मात्र इतका लहान आहे की त्यावर मी शपथ घेणार नाही.

आनंदयात्री: म्हणजे रोज धुऊन, दोन थेंब टाकून, खिडकी उघडी ठेवून चालेल?

फुंकर: तुम्हाला चालेल. त्यांना, २५० चा आकडा बघून, मी तरी देणार नाही.

सायली_प: आईचं म्हणणं, "वास छान होता गं." डिफ्युझर माळ्यावर टाकलाय. उशाशी निलगिरीचा रुमाल मात्र ठेवते, त्याचं काय करू?