शेअर ‘घसरला’ नाही, मग काय झाला? बाबांच्या तोंडी कोणतं क्रियापद शोभेल?

रानजाई

एक छोटी कथा लिहिते आहे आणि एका क्रियापदापाशी चार दिवस अडकले आहे. प्रसंग २७ ऑगस्ट २०२५ च्या सकाळचा, म्हणजे गणेशचतुर्थीचा. स्वयंपाकघरात उकड काढून झाली आहे, सारण गार होतंय, गुरुजी यायला अजून तास आहे. बाप-लेक पेपरातलं बाजाराचं पान वाचताहेत. आदल्या दिवशी एचडीएफसी बँकेचा शेअर बोनसमुळे साधारण निम्म्या भावावर आला होता, तोच हा शेअर. आकडे मी सोयीसाठी गोल केलेत.

> ‘बाबा, हे बघ ना. आपल्या बँकेचा शेअर!’ ईराने पान त्याच्या मांडीवर पसरलं. तिच्या बोटांना गूळ लागलेला होता, त्यामुळे ‘९७२’ वर एक तपकिरी ठसा उमटला. ‘परवा १९६० होता. एका दिवसात एवढा घसरला? वर मथळाही आहे, सेन्सेक्स साडेआठशे अंशांनी गडगडला.’
> बाबाने कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि त्या ठशाखालचा आकडा वाचला.
> ‘घसरला नाही गं,’ तो म्हणाला. ‘…’

त्या तीन टिंबांच्या जागी काय घालू? ‘घसरला’ म्हटलं की नुकसान झालं असं आलंच. इथे प्रत्येक शेअरमागे एक नवा शेअर मिळाला, म्हणून भाव निम्मा झाला. बाबा आयुष्यभर नोकरी केलेला माणूस आहे, बाजारातला नाही. त्याने व्याख्यान द्यायला नकोय, एक शब्द हवाय.

तळेगावकर

‘मोडला’ लिहा. शंभराची नोट मोडली की पन्नासच्या दोन येतात, खिशातले पैसे तेवढेच राहतात. घराघरातला शब्द आहे आणि मुलीला लगेच कळेल. इथेही तेच झालं. दर्शनी मूल्य निम्मं, भाव निम्मा, संख्या दुप्पट.

सावली

‘शेअर मोडला’ म्हटलं तर मी विकला असं समजेन. एफडी मोडतो तसा. आमच्या घरी दागिना मोडला म्हणजे सोनाराकडे देऊन पैसे केले. चतुर्थीच्या सकाळी ‘मोडला’ हा शब्द बाबांच्या तोंडी नकोच.

रिंगणातला

मी १९९५ च्या आधी मुंबईच्या बाजारात रिंगणात उभा राहिलेला माणूस. तेव्हा सौदे ओरडून व्हायचे, त्या मार्चपासून पडद्यावर आले. रिंगणात आम्ही याला एकच शब्द वापरायचो, ‘एक्स झाला’. आदल्या दिवसापर्यंत घेणाऱ्याला शेअरबरोबर बोनसचा हक्कही मिळायचा. एक्स झाल्यावर घेणाऱ्याला नुसता शेअर. हक्क सुटा झाला की तेवढी किंमत भावातून वजा होणारच. म्हणून त्या दिवशी भाव कुठून मोजायचा तो पायाच बदलतो. १९६० चा पाया ९८० होतो आणि चढउतार तिथून धरायचे.

तळेगावकर, नोटेचा दाखला चांगला आहे, पण तो शेअरच्या विभागणीला लागू पडतो. या बँकेनेच २०१९ मध्ये विभागणी केली होती, तेव्हा दोन रुपयांचं दर्शनी मूल्य एक रुपया झालं. यावेळी एकाचा एकच राहिला. बोनसमध्ये कंपनी आपल्या राखीव निधीतली रक्कम उचलून भांडवलाच्या खात्यात टाकते आणि तेवढे नवे शेअर आहेत त्याच भागधारकांना देते. पैसा कंपनीच्या बाहेर जात नाही, बाहेरून आतही येत नाही.

तळेगावकर

दर्शनी मूल्याचं माझं चुकलं, मान्य. पण घरातल्या माणसाला दोन्हींत फरक काय पडतो? हातात दोन, भाव निम्मा. कथेपुरता माझा मुद्दा राहतोच.

माणदेशी

माझी गोष्ट सांगतो. माझ्याकडे याच बँकेचे चाळीस शेअर होते. २६ तारखेला सकाळी अ‍ॅप उघडलं तर सगळं लाल, गुंतवणूक निम्मी. बोनसचं वाचलं होतं, पण तारीख २७ अशी डोक्यात होती. मला वाटलं बाजारात काहीतरी भयंकर झालं. हात थरथरत होते, वीस विकून टाकले, ९७५ च्या आसपास. मग नंतर खात्यात चाळीस नवे जमा झाले. वीस विकलेत तर बोनसही वीसच यायला हवेत ना? हे चुकून आलेत का, आणि परत घेतील का? कुणाला विचारावं कळत नाही.

रिंगणातला

चुकून नाही आले, ते तुमचेच आहेत. बँकेने हक्कासाठी ठरवलेली नोंदीची तारीख २७ होती. एरवी जानेवारी २०२३ पासून सौदा दुसऱ्या दिवशी पुरा होतो, त्यामुळे शेअर बहुतेक नोंदीच्या तारखेलाच एक्स होतो. पण २७ ला चतुर्थीची सुट्टी, बाजार बंद. म्हणून एक्स व्हायचा दिवस एक दिवस अलीकडे आला, मंगळवारी २६ ला. तुम्ही २६ ला विकलेले वीस शेअर सुट्टीमुळे २८ ला खात्यातून गेले. २७ च्या नोंदीत तुमच्या नावावर चाळीसच्या चाळीस होते. सोमवारी २५ ला विकले असते तर मात्र त्या वीसांवरचा बोनस घेणाऱ्याकडे गेला असता, आणि तुम्हाला भावही पूर्ण मिळाला असता.

आता तुमच्याकडे साठ आहेत. तुम्ही विकलात तो जुन्या शेअरचा अर्धा भाग, एवढंच समजा. घाबरण्यासारखं काही झालेलं नाही.

माणदेशी

तीन महिने जीव टांगणीला होता. आभारी आहे. रानजाईताई, तुमच्या शब्दाला माझा काही उपयोग झाला नाही, पण ‘घसरला’ या शब्दाने माणूस काय करून बसतो ते लिहिलं.

पिंपळपान

खूप उपयोग झाला. आता शब्दाकडे येते. मराठीत भाव खाली येण्याची क्रियापदं भरपूर आहेत आणि प्रत्येकात एक चित्र आहे. घसरायला उतार लागतो, पाय सुटतो. गडगडताना वस्तू थांबत नाही. कोसळतं ते उभं असलेलं, भिंत किंवा दरड. आपटी खाताना जमीन लागते. या सगळ्यांत खाली जाणाऱ्याला इजा आहे.

मग वाटतं की ‘उतरला’ सौम्य आहे, तो घालावा. ताप उतरतो, ओझं उतरतं, पुराचं पाणी उतरतं. पण ‘सोन्याचा भाव उतरला’ असं म्हटलं की बायका दुकानाकडे निघतात, कारण भाव उतरणं म्हणजे स्वस्त होणं. इथे शेअर स्वस्त झालेलाच नाही. १९६० ला एक मिळत होता, आता तेवढ्यात दोन मिळतात, पण प्रत्येकाच्या पोटी कंपनीतला हिस्सा निम्माच आहे. ‘उतरला’ ऐकून कुणी स्वस्तात मिळतोय म्हणून घ्यायला धावला तर तीही फसगतच.

माझी सूचना ‘वाटला गेला’. शेअर म्हणजे मुळात वाटाच. जमिनीची वाटणी झाली की सातबाऱ्यावर क्षेत्र कमी दिसतं, जमीन कुठे जात नाही.

सावली

पण वाटणीत दुसरा तुकडा भावाकडे जातो. इथे दोन्ही तुकडे एकाच माणसाकडे. वाटणी शब्दाला भांडणाचा वासही आहे.

पिंपळपान

भांडणाचा वास ‘वाटणी’ला, ‘वाटणे’ला नाही. प्रसाद वाटतात, पानं वाटतात. पण दोन्ही तुकडे एकाच हातात, हा तुमचा आक्षेप खरा आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

रानजाई

‘वाटला गेला’ मला आवडला. आणखी एक शंका. काही ठिकाणी बोनस शेअरला ‘बक्षीस भाग’ छापतात. बाबाच्या तोंडी ‘बँकेने बक्षीस दिलंय’ कसं वाटेल?

रिंगणातला

नको. बक्षीस देणारा आपल्या खिशातून देतो. इथे राखीव निधी भागधारकांचाच होता, तो एका खात्यातून दुसऱ्यात गेला. बक्षीस म्हटल्यामुळेच लोकांना वाटतं की भाव निम्मा करून बँकेने दिलेलं परत काढून घेतलं. बोनसला बोनसच म्हणू दे, आता तो आपलाच शब्द झाला आहे.

एक गोष्ट तुमच्या कथेत राहून जातेय आणि मला तीच सर्वात मोलाची वाटते. ईरा सगळीच चुकीची नाही. पाया ९८० आणि बंद भाव ९७२, म्हणजे आठ रुपये शेअर खरोखर घसरला. अमेरिकेचं वाढीव आयातशुल्क दुसऱ्या दिवसापासून लागू व्हायचं होतं, बाजार त्या धास्तीने पडला होता आणि हा शेअरही त्याबरोबर. एका ओळीत दोन वेगळ्या गोष्टी छापल्या गेल्यात. ९८० चा हिशोबातला फरक, आणि आठ रुपयांची घसरण.

शिवाय उत्तर तिच्याच बोटाखाली आहे. सेन्सेक्समध्ये तेव्हा सर्वात जास्त वजन याच बँकेचं होतं. ती खरंच निम्मी झाली असती तर सेन्सेक्स काही हजार अंश खाली गेला असता. ८१,६०० वरून साडेआठशे म्हणजे जेमतेम एक टक्का. पान नीट वाचणाऱ्या मुलीला हे आपलं आपण सापडू द्या.

तळेगावकर

आणि ‘अंश’ की ‘अंक’, तेही एकदा ठरवा. अंश म्हटलं की मला थर्मामीटर दिसतो.

रानजाई

मथळ्यात अंशच असतात, म्हणून ईरा तेच वाचेल. परत लिहिलं आहे:

> ‘घसरला नाही गं, वाटला गेला. एकाचे दोन झालेत, आणि दोन्ही आपलेच.’
> ईराने मथळा पुन्हा वाचला. ‘तरीच. एवढी मोठी बँक निम्मी झाली असती तर सेन्सेक्स साडेआठशेवर थांबला नसता. मग आपलं काहीच गेलं नाही?’
> ‘१९६० चे निम्मे किती?’
> ‘नऊशे ऐंशी.’
> ‘आणि इथे काय छापलंय?’
> तिने नखाने गुळाचा ठसा खरवडला. ‘नऊशे बहात्तर.’
> ‘तेवढा घसरला. आठ रुपये. आपल्याकडे एका जुन्यामागे दोन, म्हणजे सोळा.’

पिंपळपान

‘तेवढा घसरला’ सुरेख. मुलीचाच शब्द तिला परत दिला, मापात.

रिंगणातला

एकच दुरुस्ती. २७ च्या सकाळी दुसरा शेअर बाबाच्या डीमॅटमध्ये आलेला नाही. आता नियमाप्रमाणे तो नोंदीच्या तारखेनंतर दुसऱ्या दिवशी जमा होतो आणि त्याच्या पुढच्या दिवसापासून विकता येतो. त्याआधी भाव निम्मा आणि संख्या जुनीच दिसते. माणदेशींचा हात थरथरला तो याच फटीत. ‘एकाचे दोन झालेत’ त्या सकाळी खरं नाही.

रानजाई

मग ‘एकाचे दोन व्हायचेत’ करते. पण असं केलं की ‘वाटला गेला’ अडतो. भाव वाटून झाला आणि दुसरा वाटेकरी अजून पोचलाच नाही. पिंपळपान, इथे ‘वाटला जातोय’ चालेल का?