अनुभव धागा: सामाईक भिंतीतली उधई, औषधाचा खर्च कुणाचा?

कारेलीबागकर: पेस्ट कंट्रोलचे पैसे मालकाने द्यायचे, भाडेकरूने की सोसायटीने, हा वाद आपल्या बडोद्यात दर पावसाळ्यानंतर निघतो. झुरळांचं कसंतरी निभावतं. अडतं ते उधईपाशी, कारण ती दोन घरांमधल्या भिंतीतून आणि डक्टमधून फिरते. तुमच्याकडे शेवटी काय ठरलं, ते लिहा.

मांजलपूरची भाडेकरू: आम्ही तळमजल्यावर राहतो. स्वयंपाकघराच्या चौकटीवर मातीची बारीक रेघ दिसायची. खरवडली तरी दोन-चार दिवसांत पुन्हा ओल्या मातीची रेघ तयार. मालक म्हणाले, राहता तुम्ही, तर करायचंही तुम्हीच. करारात "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी" एवढंच आहे. चौकट पोखरली जाणं किरकोळ कसं? खूप बोलल्यावर त्यांनी माणूस पाठवला. त्याने आमच्या बाजूने औषध मारलं आणि दिवाळीच्या आधी शेजारच्या काकूंच्या भिंतीतल्या कपाटातून उधई निघाली. काकू आम्हालाच बोलल्या, "तुम्ही हाकलली, ती माझ्याकडे आली."

गोत्रीची मीरा: आमच्याकडे आधीच्या भाडेकरूच्या पलंगातून ढेकूण आले, स्विचबोर्डाच्या पाइपातून पलीकडच्या घरातही गेले. हे पैसे सोसायटीने द्यायला नकोत का?

औषधवाले दादा: मीराताई, ढेकूण सामानातून येतात, तो हिशेब वेगळा. पण दोन्ही घरांत एकाच वेळी औषध करा आणि १०-१५ दिवसांनी पुन्हा, कारण अंडी पहिल्या फवाऱ्यात मरत नाहीत.

मांजलपूरच्या ताई, मी या धंद्यात बरीच वर्षं आहे. पैसे कुणाचे, हे ठरवण्याआधी उधई कुठून येते ते शोधा. मातीची नळी दिसली म्हणजे ती जमिनीतली उधई, तिला ओल लागते. नळी मधेच एक इंच तोडून ठेवा. चार-पाच दिवसांत पुन्हा बांधली गेली, तर रस्ता चालू आहे. मग नळी खाली-खाली शोधत जा. तळमजल्याला ती बहुतेक वेळा डक्टच्या कोपऱ्यात, गळणाऱ्या ड्रेनेजच्या पाइपापाशी सापडते. नळी कुठेच नाही आणि लाकडाखाली खसखशीसारखे कोरडे दाणे पडतात, तर ती लाकडातलीच उधई. ते ज्याचं फर्निचर, त्याचं काम.

नुसती चौकटीवर फवारणी करून भागत नाही. फरशी आणि भिंत जिथे मिळतात तिथे फुटाफुटावर १२ मिमीची भोकं पाडायची, त्यांत औषध मुरेल तेवढं, साधारण लिटरभर सोडायचं आणि सिमेंटने बुजवायची. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के वापरत असतील तर ५ लिटर पाण्याला साडेदहा मिली. बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा. सामाईक भिंत असेल तर दोन्ही बाजूंनी करा. आणि गळती आधी थांबवा, नाहीतर ओल असेपर्यंत उधई नवी वाट शोधत राहते.

अलकापुरीचे माजी सेक्रेटरी: पोटनियमांत स्पष्ट आहे, ड्रेनेजचा पाइप सोसायटीचा. माझ्या मुंबईच्या मेव्हण्याकडे छापील प्रत आहे.

कारेलीबागकर: काका, ते महाराष्ट्राचे पोटनियम. आपल्या सोसायट्या १९६१ च्या गुजरात सहकारी कायद्याखाली येतात, आणि प्रत्येकीचे नोंदणी झालेले पोटनियम आपापले वाचावे लागतात. डक्टचा सामाईक पाइप सोसायटीचा, हे बहुतेक ठिकाणी खरं आहे, पण भिंतीच्या आतलं लाकूड सोसायटीवर येत नाही.

दांडिया बाजारचे आजोबा: आमचा जुना वाडा, सोसायटी नाहीच. मधल्या भिंतीत शेजारच्यांच्या आणि आमच्या तुळया एकमेकींना लागून आहेत. पलीकडचं घर कुलूपबंद, मालक परदेशी. आमच्या बाजूने दोनदा औषध केलं, पण त्यांच्या बाजूने जाता येत नाही. किल्लीसाठी नातेवाइकांकडे खेपा घालतोय. अशा वेळी काय करावं, कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

मांजलपूरची भाडेकरू: दादांनी सांगितल्याप्रमाणे नळी तोडून पाहिली, चौथ्या दिवशी पुन्हा बांधलेली. मग चेअरमनकाकांना डक्टमध्ये टॉर्च घेऊन नेलं. सांध्यातून पाणी पाझरत होतं आणि मातीची नळी थेट तिथूनच वर गेलेली. ते पाहून कमिटी मानली. गळती, डक्ट आणि बाहेरच्या जोत्याची भोकं सोसायटीच्या फंडातून. सामाईक भिंतीच्या आपापल्या बाजूचं काम आमचे मालक आणि काकू यांनी आपापल्या खर्चाने. ओटा-कपाटं रिकामी करणं आणि त्या दिवशी घरी थांबणं माझ्याकडे. औषधवाल्याकडून दोन्ही घरं आणि डक्ट, तिन्हींचा उल्लेख असलेली एकच वॉरंटी लिहून घेतली, म्हणजे परत आली तर "ती पलीकडची" म्हणता येणार नाही.

काकूंच्या पोखरलेल्या कपाटाचे पैसे मात्र लटकलेत. त्या सोसायटीकडे मागतात. सोसायटी म्हणते, नळी दिसल्यावर तुमच्या शेजारच्या मालकांनी वेळेत कळवलं नाही. पुढच्या मीटिंगला विषय आहे.

औषधवाले दादा: गळतीचे फोटो तारखेसकट मीटिंगला न्या, ताई. पाइप दुरुस्त झाल्यावर तिथे काहीच दिसणार नाही.