मदत हवी आहे: डबा फरशीवर गप्प बसलाय, पण कोड म्हणतो ३४० मीटर पुढं गेला

नहरवाला: नमस्कार मंडळी, मी संभाजीनगरला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मलिक अंबरची नहर जमिनीखालून कुठं कशी वळते ते मोजणारा डबा बनवायलोय, परवानगी मिळाली तर कोरड्या भागात ट्रॉलीवर ठेवून ओढायचा. खाली जीपीएस येत नाही म्हणून वेग किती वाढतोय आणि डबा किती फिरतोय ते मोजणारा एमपीयू ६०५० सेन्सर घेतला. सध्या पुढंमागं एवढंच मोजायलोय, कोड इतकाच:

```
v = v + a*dt;
x = x + v*dt;
```

हॉस्टेलच्या टेबलावर ऑफसेट काढून वजा केला, मग डबा व्हरांड्यात फरशीवर ठेवला, हात पण लावला नाही, आणि एका मिनिटात x ३४० मीटर! दुसरा सेन्सर लावून सगळं परत केलं तरी जवळपास तेवढंच. दोन दिवस झाले, काय चुकायलंय?

बांधावरचा: जीपीएसचा अँटेना वर काढून बघा की. आमच्या ट्रॅक्टरचा पण लिंबाच्या झाडाखाली असाच भरकटतो, मोकळ्यात आला की नीट चालतो.

नहरवाला: काका, जीपीएस नाहीच यात, जमिनीखाली सिग्नलच येत नाही.

सर्किट_लातूर: कॅलमन फिल्टर टाक भावा. कच्चा डेटा कुणी वापरतं का, फिल्टर टाकला की सगळं सरळ होतंय.

जुना_फिटर: मी हवाई दलात विमानाच्या इन्स्ट्रुमेंटवर काम केलंय, म्हणून सांगतो. तुझा सेन्सर बहुतेक चांगलाय, फरशी बघ. व्हरांड्याला पाणी निघायला उतार देतात. डबा एक अंश जरी कलला तरी गुरुत्वाकर्षणाचा थोडा भाग आडव्या दिशेत येतो, ९.८ गुणिले साइन एक अंश म्हणजे ०.१७. सेन्सरला कलणं आणि पळणं यातला फरक कळत नाही, त्याला वाटतं डबा वेग घ्यायलाय. अर्धा गुणिले ०.१७ गुणिले ६० चा वर्ग करून बघ, ३०० मीटर येतात.

फिल्टरचं बोलायचं तर, त्याला ताडून बघायला दुसरं काहीतरी लागतं. एकाच सेन्सरचा चुकीचा आकडा कितीही गाळला तरी तो चुकीचाच निघणार.

आता डबा आहे तिथंच १८० अंश फिरव आणि दोन्ही वेळचं a लिही. उताराचा भाग उलटा होईल, सेन्सरचा स्वतःचा दोष तसाच राहील.

नहरवाला: सर केलं!! आधी ०.१९, फिरवल्यावर उणे ०.१५. म्हणजे सरासरी ०.०२ हा दोष आणि ०.१७ उतार, बरोबर एक अंश! मोबाईलच्या लेव्हलवर पण एक अंशच दाखवायलंय.

जुना_फिटर: शाब्बास. पण उरलेला ०.०२ सोडू नको, एका मिनिटाला ३६ मीटर होतात. तो टेबलाच्या कलण्यामुळं असेल, नाहीतर सेन्सर गरम झाल्यामुळं, नक्की सांगता येणार नाही. आणि नहरीत तर उतार पावलोपावली बदलणार, म्हणून चालताना डबा किती कलतोय ते त्याच सेन्सरमधल्या फिरणं मोजणाऱ्या जायरोकडून घ्यावंच लागेल आणि तेवढं गुरुत्वाकर्षण वजा करावं लागेल. विमानात पण सुरुवातीला अलाइनमेंट होताना विमान हलवायचं नसतं, तेव्हाच खाली कुठंय ते ठरतं. एवढे महागडे लेझर जायरो असून सुद्धा तासाला साधारण एक सागरी मैल, म्हणजे १.८ किमी चूक होते.

तू एक कर, दर दहा सेकंदांनी ट्रॉली पूर्ण थांबव. थांबलीय म्हणजे वेग शून्य हे आपल्याला पक्कं माहितीय, आणि सेन्सर म्हणतो ०.२, तर दहा सेकंदांत ०.२ चुकला, म्हणजे दोष ०.०२. तो मागच्या दहा सेकंदांतून काढ आणि वेग शून्य करून पुढं निघ. काढला नाहीस तरी एका टप्प्यात चूक एक मीटरचीच होते.

सर्किट_लातूर: म्हणजे थांबल्यावरचा शून्य वेग फिल्टरला दिला की झालं, मी तेच म्हणायलो होतो. थांबल्यावर जायरोचा दोष पण मिळतो, कारण तेव्हा फिरणं पण शून्यच असतं.

जुना_फिटर: हे बरोबर बोललास. आधी नुसतं फिल्टर टाक म्हणाला होतास, हे थांबायचं त्यात नव्हतं.

नहरवाला: पण सर, थांबल्यावर वेग कळला, कलणं कळलं, तोंड कुठल्या दिशेला आहे ते कसं कळणार? नहर वळते हेच तर मला मोजायचंय. कालच एक चौकोनी फेरी मारून त्याच फरशीवर आलो तर जायरो अकरा अंश जास्त दाखवायलाय.

जुना_फिटर: ते थांबून कळत नाही. गुरुत्वाकर्षण सगळीकडून सरळ खालीच ओढतं, सपाट जागेवर डबा गोल फिरवला तरी सेन्सरला काही फरक दिसत नाही. चांगला जायरो पृथ्वीचं फिरणं ओळखून उत्तर शोधतो, पण ते तासाला फक्त पंधरा अंश, तुझ्या सेन्सरच्या खडखडाटात बुडून जातं. नहरीला वर उघडी तोंडं आहेत ना, त्यांची जागा वरून जीपीएसनं आधी मोजून ठेव, खाली ट्रॉली तिथं पोचली की ती जागा पक्की धर. दोन तोंडांच्या मधलं वळण मात्र जायरोच्या भरवशावरच राहील.

बांधावरचा: दोन तोंडांत अंतर किती असतंय पण?

नहरवाला: तेच मोजायला रविवारी टेप घेऊन जायलोय काका, आकडे इथंच टाकतो.