अनुभव धागा: खोल टिनमधला बनाना ब्रेड, वरून करपतो आणि आत कच्चा राहतो

खोल लोफ टिनमध्ये केक भाजताना तापमान, वेळ आणि फॉइलचं गणित कसं जमवता? आकड्यांसकट लिहा.

तिंबलेली_कणीक
9 बाय 5 इंची टिन. 350 ग्रॅम कुस्करलेली केळी, 225 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम साखर, 2 अंडी, 100 मिली तेल, 1 सपाट टीस्पून सोडा. टिन दोन तृतीयांशच भरायचा. 180 वर 45 मिनिटांत वरचा भाग गडद होतो आणि मधोमध लापशी राहते, कारण एवढ्या जाडीतून मध्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो. केळ्याच्या साखरेमुळे रंगही लवकर चढतो. म्हणून 160 वर 65 ते 75 मिनिटं. ओटीजीत टिन खालच्या खाचेत, वरच्या रॉडपासून लांब.

खमंग
मी पहिल्यापासूनच फॉइल लावते, चकचकीत बाजू वर. करपायचा प्रश्नच नाही.

तिंबलेली_कणीक
करपणार नाही हे खरं, पण वाफ कोंडून वरचा भाग फिका आणि चिकट राहतो. फुगलेला माथा फॉइलला लागला की सालासकट निघून येतो. साधारण 40 मिनिटांनी, माथा धरला आणि हवा तसा तांबूस झाला की फॉइल घडी घालून तंबूसारखी सैल ठेवायची, कडा आवळायच्या नाहीत. त्याआधी दार उघडलं तर मध्यभाग बसतो. बाजू कुठलीही चालते.

केळफूल
ते आकडे कळले, पण माझ्याकडे वेलची केळी आहेत. रेसिपींमध्ये नुसतं "3 केळी" लिहिलेलं असतं, तर ही किती घ्यायची?

तिंबलेली_कणीक
मोजू नका, साल काढून वजन करा. लगदा जास्त झाला तर कितीही भाजा, तळाशी ओला, रबरी थर राहतोच. त्याला फॉइल काही करू शकत नाही.

रविवारचा_बल्लव
मायक्रोवेव्हमध्ये फॉइल कशी चालेल? ठिणग्या उडतात!

खमंग
अहो, इथे ओव्हनचं चाललंय. कन्व्हेक्शन मोडवर करत असाल तर यंत्राची पुस्तिका बघा.

जाडा_भरडा
सुरीवर फसू नका. केळ्याच्या गुठळीत गेली तर झालेला केकही कच्चा वाटतो. दोन-तीन जागी टोचून पाहा. काट्याला ओलसर कण चिकटले तर चालतात, पीठ नको. थर्मामीटर असेल तर मध्यभागी 96 अंश. माथ्यावरच्या चिरेत डोकावूनही कळतं: आत ओली चकाकी दिसली तर अजून 10 मिनिटं. काळ्या टिनच्या कडा लवकर कडक होतात, त्यात 150 बरं.

खमंग
150 वर माझा नीट फुगतच नाही. सोडा जुना असेल का?

जाडा_भरडा
चमचाभर सोड्यावर लिंबू पिळून बघा, फसफसला तर सोडा ठीक आहे. मग ओव्हनच कमी तापत असेल.