मदत हवी आहे: 5 मीटरच्या पाइपमध्ये हवा 1.96 मीटरवरच चोक होते, मग पुढच्या पाइपचं काय?

कोरडी_हवा:
एका चाचणीसाठी टाकीतून पाइपने हवा सोडायची आहे. टाकीत 500 किलोपास्कल (अॅबसोल्यूट, गेजचा आकडा नाही) आणि 300 केल्विन. पाइप सरळ, आतला व्यास 25 मिमी, लांबी 5 मीटर, दुसरं टोक वातावरणात उघडं, तिथे 100 किलोपास्कल धरलं आहे. टाकीकडच्या टोकाला गोलसर तोंडाचं नोझल आहे असं मानून सध्या हिशोब चालू आहे. पाइपवर इन्सुलेशन आहे, म्हणून अॅडियाबॅटिक. घर्षण गुणांक f = 0.02.

मला सेकंदाला 0.395 किलो हवा हवी आहे. या प्रवाहावरून पाइपच्या सुरुवातीचा मॅक नंबर 0.45 येतो. फॅनोच्या तक्त्यात 0.45 समोर fL*/D = 1.566 आहे, म्हणजे L* = 1.566 × 0.025 / 0.02 = 1.96 मीटर. पण माझा पाइप 5 मीटरचा आहे!

मग उरलेल्या तीन मीटरमध्ये काय होतं? प्रवाह सुपरसॉनिक होतो का? की शॉक येतो? आणि टोकाला दाब किती धरायचा, 100 की आणखी काही?

दुसरी अडचण अशी की एका पुस्तकात fL/D आहे आणि दुसऱ्यात 4fL/D. दुसऱ्या पुस्तकातल्या उदाहरणात f = 0.005 आहे.

धडधड:
चोक आहे की नाही ते आधी बघा. हवेसाठी 0.528 चा नियम आहे. 500 × 0.528 = 264, बाहेर फक्त 100, म्हणजे चोक नक्की. टोकाला M = 1 आणि दाब 264 किलोपास्कल. सुपरसॉनिक वगैरे काही होत नाही, साधा सरळ पाइप आहे.

रेषा_आणि_वक्र:
धडधड, टोकाला M = 1 हे बरोबर आहे, पण 264 नाही. 0.528 चा नियम घर्षण नसलेल्या नोझलचा आहे. त्यात स्टॅग्नेशन दाब टाकीपासून टोकापर्यंत तोच राहतो असं गृहीत असतं. इथे पाच मीटर घासत जाताना तो दाबच खर्च होतो. त्यामुळे टोकाचा दाब बराच खाली येतो, आणि चोक होण्यासाठी टाकीत लागणारा दाबही 100/0.528 = 189 पेक्षा खूप जास्त असतो.

कोरडी_हवा, तुमच्या गणितात चूक नाही, पण तुम्ही ते उलट्या टोकाने सुरू केलंय. सुरुवातीचा मॅक नंबर तुम्ही ठरवू शकत नाही. तो पाइप ठरवतो. सबसॉनिक प्रवाहात घर्षणामुळे वेग वाढत जातो आणि मॅक नंबर 1 कडे सरकतो. M = 1 ला एन्ट्रॉपी कमाल असते. त्यापुढे सरळ पाइपात सुपरसॉनिककडे जायचं तर एन्ट्रॉपी कमी व्हावी लागेल, आणि अॅडियाबॅटिक पाइपात ते शक्य नाही. शॉकचाही प्रश्न नाही, कारण शॉक यायला आधी सुपरसॉनिक प्रवाह लागतो.

मग 1.96 मीटरच्या पुढे काय? काहीच नाही, कारण 0.45 ने सुरू होणारा प्रवाह या पाइपात स्थिर राहूच शकत नाही. समजा क्षणभर तो तसा सुरू झाला, तर पुढच्या अडथळ्याची खबर दाबलहरींनी मागे येते, प्रवाह सबसॉनिक असल्याने ती तोंडापर्यंत पोचते आणि सुरुवातीचा मॅक नंबर उतरतो. M = 1 बरोबर पाइपच्या शेवटच्या कडेवर येईपर्यंत तो उतरत राहतो.

म्हणून प्रश्न असा मांडा: L* = 5 मीटर असेल तर M1 किती? fL/D = 0.02 × 5 / 0.025 = 4. तक्त्यात 4 च्या आसपास अंतरं मोठी आहेत, त्यापेक्षा हे चालवा:

```python
from math import log
g = 1.4
def F(M):
    a = M*M
    return (1-a)/(g*a) + (g+1)/(2*g)*log((g+1)*a/(2+(g-1)*a))
lo, hi = 0.01, 1.0
for _ in range(60):
    mid = (lo+hi)/2
    if F(mid) > 4.0: lo = mid
    else: hi = mid
print(lo)
```

उत्तर 0.3324. नोझलमधून येताना p1 = 0.9264 × 500 = 463 किलोपास्कल. या मॅक नंबरला p/p* = 3.26, म्हणून टोकाला p* = 142 किलोपास्कल. बाहेर 100 आहे, 142 त्याहून जास्त, म्हणजे आपण धरलेलं चोकिंग खरं ठरलं. ही तपासणी कधीही सोडू नका. p* बाहेरच्या दाबापेक्षा कमी आला असता तर सगळा हिशोब बाद.

टोकाचं तापमान 300/1.2 = 250 केल्विन, वेग 317 मी/से, आणि प्रवाह 0.308 किलो/से. 142 वरून 100 पर्यंतचा उतार पाइपच्या बाहेर, झोतात होतो. थोडक्यात, या पाइपातून 0.395 मिळणार नाही. बाहेर निर्वात केलं तरी नाही.

पाइपलाइन_काका:
आमच्याकडे गॅसची लांब लाइन आहे, जमिनीत पुरलेली. तिथे M = 1 पर्यंत जातच नाही, मर्यादा 1/√γ म्हणजे सुमारे 0.845 ला येते. तुम्ही 1 कुठून आणलं? तापमानही आमच्याकडे जवळपास तेच राहतं, 250 केल्विन वगैरे कधी दिसलं नाही.

रेषा_आणि_वक्र:
काका, तुमची लाइन आयसोथर्मल आहे. लांब पाइपात गॅसला जमिनीतून उष्णता घ्यायला भरपूर वेळ मिळतो, म्हणून तापमान टिकतं आणि मर्यादा 0.845 ला येते. इथे हवा पाच मीटर अंतर सेकंदाच्या काही शतांश भागात पार करते, वर इन्सुलेशन आहे. तुमचा आकडा तुमच्या लाइनला बरोबर आहे, या प्रश्नाला नाही.

कोरडी_हवा:
आता चित्र स्पष्ट झालं. मी L* हा पाइपातला एखादा बिंदू समजत होतो. f चं काय? आणि टाकी रिकामी होत जाईल तेव्हा चोकिंग कधी सुटेल?

रेषा_आणि_वक्र:
f ची खूण लॅमिनार सूत्रात असते. पुस्तकात 64/Re असेल तर तो डार्सीचा f, त्याच्यासोबत fL/D. 16/Re असेल तर फॅनिंगचा, त्याच्यासोबत 4fL/D. 0.005 फॅनिंग आणि 0.02 डार्सी म्हणजे एकच पाइप. घोटाळा होतो तो 0.005 घेऊन 4 विसरल्यावर. fL/D फक्त 1 येतो, M1 = 0.51, आणि प्रवाह 0.43 किलो दिसतो. तुमच्या बाबतीत हे जास्त घातक, कारण 0.395 ची गरज भागली असं कागदावर वाटलं असतं.

चोकिंग सुटण्याबद्दल: टाकीचा दाब आणि p* यांचं गुणोत्तर 500/142 = 3.52. टाकी 352 किलोपास्कलच्या खाली गेली की टोकाला M = 1 राहत नाही. तिथून पुढे टोकाचा दाब 100 धरायचा आणि M2 शोधायचा. M2 निवडा, F(M1) = 4 + F(M2) वरून M1 काढा, मग टाकीचा दाब जुळतो का ते पाहा. 300 किलोपास्कलला M2 सुमारे 0.87 येतो आणि M1 0.332. सुरुवातीचा मॅक नंबर जवळपास हललाच नाही हे लक्षात घ्या. म्हणजे तोंडाजवळच्या मोजमापावरून चोकिंग सुटलं की नाही ते कळणार नाही, दाब टोकाजवळच मोजावा लागेल.

धडधड:
264 बद्दल पटलं. मग सोपा उपाय म्हणजे टाकीचा दाब वाढवणे. चोक असताना प्रवाह टाकीच्या दाबाच्या प्रमाणात, 500 × 0.395/0.308 = 641 किलोपास्कल. पाइप बदलायची गरज नाही.

रेषा_आणि_वक्र:
हिशोब बरोबर. पण टाकीला 641 झेपतं का ते आधी बघा. व्यास वाढवला तर दुहेरी फायदा मिळतो: क्षेत्रफळ वाढतं आणि fL/D घटतो. 28 मिमीला fL/D = 3.57, M1 = 0.346, प्रवाह 0.40 किलो. फक्त तीन मिलिमीटरमध्ये.

स्थिरांक:
जरा थांबा. 0.02 कुठून आला? रेनॉल्ड्स नंबर 8.7 लाखांच्या आसपास येतो, म्हणजे f मुख्यतः खडबडीतपणावर ठरतो. 25 मिमीला 0.02 म्हणजे खडबडीतपणा साधारण 0.025 मिमी. साध्या स्टील पाइपसाठी तक्त्यांत 0.045 मिमी धरतात, त्याने f 0.023 च्या आसपास जातो. 25 मिमीच्या पाइपात तेवढ्याने प्रवाह 0.308 वरून 0.295 वर येतो. f पंधरा टक्के वाढला तरी प्रवाह चारच टक्के घटला, पण 28 मिमीत तुमच्याकडे तेवढीही मोकळीक नाही.

कोरडी_हवा:
पाइप साधा स्टीलचाच आहे. आणि आणखी एक गोष्ट: गोलसर नोझल प्रत्यक्षात बसेल असं दिसत नाही. पाइप टाकीच्या भिंतीत सरळ वेल्ड केला आहे, तोंडाची कड धारदार आहे. त्याचा तोटा कसा धरू?

रेषा_आणि_वक्र:
धारदार तोंडाला K = 0.5 घ्या. तो fL/D मध्ये मिळवला तर 25 मिमी, f = 0.02 साठी 4.5 होतो, M1 0.319 आणि प्रवाह 0.297. दुसऱ्या वाटेने, तोंडाशी स्टॅग्नेशन दाब सुमारे 18 किलोपास्कल घटला असं धरलं तरी 0.297 च येतं. 30 मिमी घेऊन, f = 0.023 आणि K = 0.5 दोन्ही धरले तर 0.43 किलो मिळतात. मी 30 घेईन.

स्थिरांक:
दोन वाटा जुळल्या म्हणून 0.5 खरा ठरत नाही, दोन्हींत तोच 0.5 आहे. हा आकडा दाबता न येणाऱ्या प्रवाहाचा आहे. धारदार कडेमागे प्रवाह आकसतो, तिथे स्थानिक मॅक नंबर 0.33 पेक्षा बराच जास्त असणार. मला K थोडा वाढेल असं वाटतं.

रेषा_आणि_वक्र:
वाढेलही. पण 0.3 च्या आसपास तो फरक f च्या अनिश्चिततेत बुडून जाईल असं माझं मत आहे.

कोरडी_हवा:
मी 30 मिमी घेतो, आणि टोकाच्या थोडं अलीकडे दाब मोजायला छिद्र ठेवतो. तोंडापासून किती व्यास पुढे दुसरं छिद्र ठेवलं म्हणजे तो आकसलेला भाग संपलेला असेल, हे कोणी मोजून पाहिलं असेल तर सांगा.