‘तुमच्या शब्दांत सांगा’: ही पेशंटची परीक्षा कशाला?

सांगलीकर: वडिलांना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू झालं. चिठ्ठीवर स्वच्छ मराठीत लिहिलंय. तरी सिस्टर त्यांना म्हणाली, “आता काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा.” वडील निवृत्त हेडमास्तर आहेत! लिहून दिल्यावर हा अपमान कशाला?

औषधवाली: कारण हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, ताप येतो, रक्तातल्या पेशी घसरतात, जीवही जाऊ शकतो. माझ्या काउंटरवर एका आजोबांनी चिठ्ठी घडाघडा वाचली: “मेथोट्रेक्सेट, सोमवारी १ गोळी.” मी विचारलं, “घरी सूनबाईंना काय सांगाल?” म्हणाले, “सोमवारी सुरू करायची, मग रोज एक.” अक्षर न् अक्षर बरोबर वाचलं होतं. मी चिठ्ठीवर ‘फक्त दर सोमवारी, इतर दिवशी नाही’ असं लिहिलं आणि पुन्हा विचारलं. तेव्हा बरोबर सांगितलं.

गावचा डॉक्टर: ओपीडीत बाहेर रांग लागलेली असते. प्रत्येकाला बोलतं करत बसलो तर शेवटचा पेशंट रात्री घरी जाईल. मोठ्याने वाचून घ्या, पुरे.

औषधवाली: डॉक्टर, आजोबांनी वाचलंच होतं की!

नलूमावशी: ते सोडा. केमिस्ट पट्टी कात्रीने कापून देतात, नाव आणि एक्स्पायरी दुसऱ्याच तुकड्यावर जाते. आईच्या डब्यात दोन पिवळ्या गोळ्या, कुठली कशाची कोण सांगणार? आधी हे बंद करा.

सांगलीकर: अगदी! आमच्याकडेही तेच. दुकानदाराला बोललं तर “पूर्ण पट्टी घ्या” म्हणतो.

औषधवाली: चार गोळ्यांसाठी पूर्ण पट्टी गिऱ्हाईकच घेत नाही. सगळं आमच्यावरच ढकलू नका.

नलूमावशी: मग त्या तुकड्यावर नाव लिहायला पेन नाही का तुमच्याकडे? दोन शब्द लिहायचा कंटाळा!

औषधवाली: मी लिहिते. सगळे लिहीत नाहीत, हे मान्य.

गावचा डॉक्टर: मूळ मुद्द्यावर या. मेथोट्रेक्सेट, इन्सुलिन, रक्त पातळ करणारी गोळी, एवढ्यांपुरतं विचारायला माझी हरकत नाही. सर्दीच्या गोळीला नको.

सांगलीकर: बरं, एवढ्यांपुरतं चालेल. पण विचारायची पद्धत? हेडमास्तरांना “सांगा पाहू”?

औषधवाली: त्या सिस्टरचे शब्द चुकले, हे खरं. मी म्हणते, “मी नीट सांगितलं की नाही ते बघायचंय. सोमवारची गोळी राहिली तर काय कराल?” हे उत्तर वाचून देता येत नाही. “मंगळवारी दोन घेईन” असं आलं की कळतं, माझं सांगणं कमी पडलं.

सांगलीकर: वडिलांना आत्ता फोन करून हेच विचारलं. म्हणाले, “पुढच्या सोमवारी दोन घेईन.” सिस्टरने हे विचारलंच नव्हतं.

औषधवाली: दोन एकदम नकोत! राहिली तर काय, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्या.